घोकलेला नियम, ऐकलेली भाषा

सीमेलगतच्या मुलखाला भाषांविषयी एक निश्चिंतपणा असतो. शिरूर अनंतपाळ तालुका ज्या निलंग्यातून निघाला, तो निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या माणसाच्या कानावर पाळण्यापासूनच एकाहून अधिक भाषा पडत आल्या. कचेरीत आणि शाळेत उर्दू, घरी मराठी, लिंगायतांच्या कित्येक घरांत कन्नड, तांड्यावर गोरमाटी, आणि बाजारात या सगळ्यांना सामावून घेणारी दखनी. ‘काय करलालास?’ असे आपल्या लातुरी वळणाने विचारणारा शेतकरी दुसऱ्याच क्षणाला बागवानाशी दखनीत घासाघीस करतो, आणि ही दुसरी भाषा आपण केव्हा शिकलो असे त्याला विचारले तर त्याला प्रश्नच कळत नाही. शिकण्याची आठवण मागे न ठेवता जी विद्या अंगी येते, तिच्याविषयी मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

या दखनीकडे थोडे जवळून पाहू. बाजारात हिंडणारा दहा वर्षांचा मराठी मुलगा तक्रार करतो, ‘वो जलेबी खाया, पैसे नै दिया.’ हेच त्याने आईला सांगितले असते तर तो म्हणाला असता, ‘त्यानं जिलबी खाल्ली, पैसे दिले नाहीत.’ मराठीत कर्त्याला ‘ने’ लागला आणि क्रियापद जिलबीच्या लिंगामागे गेले. शाळेतल्या हिंदीतही तसेच घडते: उसने जलेबी खाई. म्हणजे मातृभाषा आणि पाठ्यपुस्तक दोन्ही एकच गोष्ट सांगत असताना दखनीत मात्र हे पोर ‘ने’ गाळते, क्रियापद खाणाऱ्याशी जुळवते, आणि कधी चुकत नाही. दखनीत भूतकाळी कर्तरि प्रयोग असतो असे त्याला कुणी सांगितलेले नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. त्याने फक्त जिलबीचे, पैशांचे, भांडणाचे बोलणे समजून घेतले, आणि समजता समजता वाक्याचा सांगाडा आपसूक आत उतरला. हिंदीच्या तासाला याच वाक्यावर लाल रेघ ओढली जाते, ही गोष्ट निराळी.

आता हाच मुलगा इंग्रजीच्या तासाला बसतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. रोज पस्तीस मिनिटांचा एक तास धरला तर वर्षाकाठी सव्वाशे तास, आणि दहावीपर्यंत बाराशेच्या आसपास तास होतात. आकडा लहान नाही. पण त्या पस्तीस मिनिटांत इंग्रजी किती कानावर पडते? धड्यातले एक वाक्य वाचायचे, त्याचा मराठी अर्थ सांगायचा, कठीण शब्द फळ्यावर लिहायचे, मग टेन्सचा तक्ता, मग ‘डू ॲज डायरेक्टेड’: व्हॉइस बदला, ‘टू’ काढा, ‘नो सूनर’ घालून वाक्य पुन्हा लिहा. अर्थ लागेल असे इंग्रजी त्यात पाच मिनिटे ऐकू आले तरी पुष्कळ. तेवढे धरले तर वर्षाचे अठरा तास होतात. बाजारात रोज तासभर काढणाऱ्या पोराला दखनी तीनशे पासष्ट तास मिळते. दहा वर्षे इंग्रजी शिकूनही बोलता येत नाही म्हणणारा तरुण स्वतःच्या बुद्धीला दोष देतो, आणि गाईड संपले की रॅपिडेक्स उघडतो. ही साधी बेरीज त्याच्यापुढे कुणी मांडत नाही.

तासांची टंचाई हे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे इंग्रजीच्या एका इवल्या प्रत्ययात पाहायला मिळते. ‘ही, शी, इट’ आले की वर्तमानकाळी क्रियापदाला ‘एस’ लावायचा, हा नियम पाचवीतले कोणतेही पोर झोपेतून उठवून विचारले तरी सांगेल. रिकाम्या जागाही बरोबर भरील. आणि मग वडील काय करतात असे सहज विचारले, की तेच पोर उत्तर देते, ‘माय फादर वर्क इन फार्म.’ नियम ओठांवर आहे, पण बोलण्यात नाही. नवल असे की हाच मुलगा शाळेत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधीपासून ‘जातो, जाते, जातं, जातात’ असे पुरुष, लिंग, वचन सांभाळत बोलत आला आहे. त्या पसाऱ्यापुढे इंग्रजीचा एक ‘एस’ म्हणजे काहीच नव्हे. तरी तो हुकतो, आणि वर्षानुवर्षे हुकत राहतो.

याचे कारण शोधताना हेडी डुले आणि मरीना बर्ट यांचे १९७४ चे काम आठवते. स्पॅनिश आणि चिनी मातृभाषा असलेल्या, अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या बोलण्यात इंग्रजीचे प्रत्यय कोणत्या क्रमाने स्थिरावतात हे त्यांनी पाहिले. दोन्ही गटांत तो क्रम जवळजवळ सारखा निघाला. ‘आयएनजी’ आणि अनेकवचन लवकर येतात. क्रियापदाचा हा तृतीयपुरुषी ‘एस’ अगदी शेवटच्यांत येतो. मातृभाषेप्रमाणे क्रम थोडा हलतो असे पुढच्या अभ्यासांत दिसले, पण ‘एस’चे उशिरा येणे बहुधा कायम राहिले. कारण कळण्यासारखे आहे. ‘फादर’ म्हटल्यावर कर्ता एक आहे हे समजलेलेच असते; ‘एस’ त्यात अर्थाची भर घालत नाही. शिवाय तो एका ठिकाणी थांबतही नाही: प्रश्न विचारताना क्रियापद सोडून ‘डज’मध्ये जाऊन बसतो, ‘कॅन’ आला की नाहीसा होतो, आणि नामाला लागला तर उलट अनेकवचन दाखवतो. कान अर्थाच्या मागे धावतो, आणि अर्थाला ज्याची गरज नाही ते सर्वांत शेवटी उचलतो. आपल्या पुस्तकांत मात्र साधा वर्तमानकाळ सर्वांत आधी येतो, कारण मांडायला तो सर्वांत सोपा आहे. मांडण्याचा क्रम आणि मनात रुजण्याचा क्रम वेगवेगळे असू शकतात, हे आपल्या अभ्यासक्रमांना अजून मान्य झालेले नाही.

क्रॅशन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये यावर एक ठाम भूमिका मांडली. नियमांचे जाणते ज्ञान आणि भाषेचे अजाण आत्मसात होणे या दोन निराळ्या वाटा आहेत, आणि तोंडातून वाक्य निघते ते दुसऱ्या वाटेने. पहिली वाट फक्त निघालेल्या वाक्यावर नजर ठेवते. त्या पहारेकऱ्याला काम करायचे तर तीन गोष्टी लागतात: नियम ठाऊक हवा, मनात त्या क्षणी रूपाची फिकीर हवी, आणि वेळ हवा. बोलताना सेकंदाला दोन-तीन शब्द जातात, आणि लक्ष समोरच्याला काय सांगायचे यात गुंतलेले असते. म्हणून ‘एस’ परीक्षेच्या बाकावर सापडतो आणि तोंडी उत्तरात निसटतो. मूल नियम जाणते पण तो त्याच्या अंगवळणी पडलेला नाही, हे ओळखायचे तर रिकाम्या जागा तपासून उपयोग नाही. त्याला शेतातल्या बैलाविषयी बोलू द्यावे आणि आपण गुपचूप ऐकावे.

आणि आत्मसात होणे घडते कशाने, तर समजण्याजोग्या बोलण्याने: जे ऐकले त्यातले बरेचसे कळते, आणि उरलेले प्रसंगावरून ताडता येते. हे घडताना पाहायला मराठवाड्याला परदेशी जावे लागत नाही. भालकीकडची, घरात कन्नड बोलणारी मुलगी शिरूरकडच्या मराठी बोलणाऱ्या सासरी येते. पहिले काही महिने ती जवळजवळ गप्प असते. सासूबाई म्हणतात, ‘ताट आण गं’, आणि हात ताटाकडे असतो. ‘चुलीतला जाळ कमी कर’ म्हणताना धूर डोळ्यांत जात असतो. शब्द नवा असला तरी प्रसंग जुनाच असतो, कारण स्वयंपाकघर भालकीतही असेच होते. घरचे म्हणतात सून अबोल आहे. वास्तविक तिच्या दिवसातला एकही तास वाया जात नसतो. मग एखाद्या दिवशी ती उलट बोलते, आणि सगळे चकित होतात. वर्गात मात्र आपण पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला उभे करून वाक्य बोलायला लावतो, आणि ते मोडके निघाले की तिथल्या तिथे दुरुस्त करतो; सासूनेही असे केले असते तर त्या मुलीने मराठीशी कायमचे वैर धरले असते.

वाचनालाही हेच लागू पडते, आणि तिथे तर मोजता येते. शब्दसंपदेचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट सुखाने समजायची तर तिच्यातले शंभरपैकी अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. शंभरात ऐंशीच ओळखीचे असतील तर जवळजवळ कुणालाच अर्थ लागत नाही. दोनशे शब्दांच्या पानावर चार नवे शब्द म्हणजे वाचन. चाळीस नवे शब्द म्हणजे शब्दकोशाची हमाली. आपल्या नववी-दहावीच्या मुलापुढचे इंग्रजी पुस्तक बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याला चौथीच्या पातळीचे गोष्टीचे पुस्तक दिले तर पालकांना अपमान वाटतो. प्रत्यक्षात त्या पुस्तकाची वीस पाने तो एका बैठकीत संपवील, आणि पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांवर महिनाभर अडून राहील.

हे सारे भारतीय वर्गात, साठ पोरांच्या गर्दीत शक्य आहे का, हा प्रश्न एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत घेऊन पाहिला. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो ओळखला जातो. प्रभूंनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांपुढे कामे ठेवली: नकाशा वाचा, आगगाडीचे वेळापत्रक लावा. शिरूरच्या वर्गात हे कसे दिसेल, याची मी कल्पना करतो. फळ्यावर एसटीचे वेळापत्रक आहे: उदगीर, निलंगा, लातूर. बाई इंग्रजीतच विचारतात, ‘व्हेन डज द उदगीर बस लीव्ह?’ कुणीतरी ओरडते, ‘नाइन फिफ्टीन.’ ‘येस, इट लीव्ह्ज ॲट नाइन फिफ्टीन.’ मग, अकराच्या आत लातूरला पोहोचायचे आहे, तर कोणती गाडी? एक गाडी रद्द झाली, आता काय कराल? पोरे वेळांची वजाबाकी करण्यात गर्क आहेत. उत्तर एका शब्दाचे चालते, कारण उत्तराची बरोबरी गणितात आहे. पण त्या तासात ‘लीव्ह्ज’, ‘रीचेस’, ‘टेक्स’ ही रूपे कितीतरी वेळा, अर्थाची गरज असताना, कानांवरून गेली आहेत. आधी सगळ्यांनी मिळून एक काम करायचे, मग तसेच दुसरे ज्याचे त्याने. आणि निम्म्या वर्गाला निम्मे तरी जमले तर काम योग्य अवघड होते असे समजायचे, हा प्रभूंचा अंदाज मला शिक्षकी शहाणपणाचा उत्तम नमुना वाटतो.

या प्रकल्पाची पुढे बाहेरच्या अभ्यासकांनी तपासणी केली. निकाल कुणाच्याही विजयाचे नव्हते. रचनांच्या कसोटीत नेहमीच्या पद्धतीची मुले पुढे, कामांच्या कसोटीत प्रभूंची मुले पुढे. म्हणजे ज्याची तालीम, त्याचेच यश. पण प्रभूंच्या मुलांना व्याकरण शिकवले नव्हते, आणि अर्थाच्या ओघात आलेल्या व्याकरणाच्या प्रश्नांत ती मागे राहिली नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लातूर पॅटर्नच्या मुलखात हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो. प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून भौतिकशास्त्रात गुण वाढतात, कारण परीक्षेतही तसलाच प्रश्न येतो. अनोळखी माणूस समोर येऊन काहीतरी विचारतो, तेव्हा कुठलीच जुनी प्रश्नपत्रिका कामाला येत नाही.

मग व्याकरण टाकूनच द्यावे काय? इथे भालकीच्या त्या सुनेकडे पुन्हा वळावे लागते. पंधरा वर्षांनी ती अस्खलित मराठी बोलते, पण ‘भाकर भाजलं’, ‘चमचा पडलं’ म्हणते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना एकच लिंग पुरते. मराठीत भाकर स्त्री, चमचा पुरुष, ताट नपुंसक का, याला कारण नाही, आणि चुकले तरी भाकर ताटात येतेच. समजण्याजोगे बोलणे तिने अमाप ऐकले. तरी अर्थाला ज्याची गरज नव्हती ते लिंग तिच्या कानाने सोडून दिले, जसा आपल्या पोराच्या कानाने इंग्रजीचा ‘एस’ सोडला. कॅनडात फ्रेंच माध्यमात घातलेल्या इंग्रजीभाषक मुलांबद्दल मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हेच नोंदवले: वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून ती मुले जवळजवळ फ्रेंच मुलांइतके समजून घेत होती, पण बोलताना लिंगे आणि क्रियापदे चुकवत होती, कारण मोडके बोलूनही त्यांचे भागत होते. नुसते कळल्याने भाषा येते, हा क्रॅशनचा दावा इथे अपुरा पडतो.

ही गोष्ट पिढ्यानुपिढ्या चालली तर काय होते, त्याची साक्ष सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडने दिली. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये या गावावर लिहिलेला निबंध जगभर वाचला जातो. कुपवाडात कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी घरे शतकानुशतके शेजारी राहिली. प्रत्येकाने घरची भाषा जपली आणि बाहेर दुसऱ्यांची वापरली. शेवटी शब्द तेवढे वेगळे राहिले, वाक्याची बांधणी इतकी एक झाली की गावच्या कन्नडातले वाक्य शब्दाला शब्द ठेवून गावच्या उर्दूत नेता येऊ लागले. आपल्या दखनीतून गेलेला ‘ने’सुद्धा, पुष्कळ अभ्यासक मानतात, तेलुगू-कन्नडच्या सहवासाचा परिणाम आहे. कधीकाळी कुणीतरी दुसऱ्याची भाषा कामापुरती उचलली, उरलेले सोडून दिले, आणि ते सोडून देणे हीच पुढच्यांची मातृभाषा झाली. ज्या वाक्यावर हिंदीच्या तासाला लाल रेघ पडते, त्यात कित्येक पिढ्यांचे भाषा शिकणे साठलेले आहे. हे त्या वर्गात एकदा तरी बोलले जावे असे मला वाटते.

व्याकरणाची जागा आहे, पण ती नंतरची आहे. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना गोंडांच्या सहवासात आले आणि पुढे त्यांनी गोंडी भाषेचे व्याकरण लिहिले. भाषा ऐकलेली नसती तर ते कशाचे लिहिणार? इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले १६१६ मध्ये. कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचले. ते १६४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूरला छापले गेले. नियमांची आवड असलेला हा माणूस ओव्या रचू शकला, तो तीन तपे लोकांत राहून, ऐकून.

शिरूरच्या वर्गापुरते बोलायचे तर पस्तीसपैकी पंचवीस मिनिटे सोप्या गोष्टींना आणि वेळापत्रकांना द्यावीत, आणि दहा मिनिटे वहीला. वहीपाशी क्रॅशनच्या तिन्ही अटी पूर्ण होतात: मुलाला नियम ठाऊक आहे, घाई नाही, आणि लक्ष अक्षरांवर आहे. काल ज्या गाडीविषयी तो बोलला, तिच्याविषयीच आज पाच ओळी लिहायच्या, आणि लिहून झाल्यावर फक्त एका गोष्टीसाठी, समजा ‘एस’साठी, त्या पुन्हा वाचायच्या, एका दिवशी एकच. पाच ओळींत तीन ठिकाणी तो राहून गेलेला सापडतो. महिन्याभराने कधीतरी बोलतानाच ‘द बस... लीव्ह... लीव्ह्ज’ असे अडखळत तो स्वतःला सावरतो, आणि बाईंनी त्या अडखळण्याला पूर्ण गुण द्यावेत.